दिवा पेटलाय, पण फोटोत नाही

आमच्या वहिनी फोंड्यात लटकते दिवे बनवतात. जुन्या गोव्यातल्या खिडक्यांना असायच्या तसल्या शिंपल्यांच्या पातळ चकत्या गोल गुंफायच्या आणि वर पितळी टोपी. दिवा देखणा, पण फोटो काढला की शिंपले गायब आणि मध्ये नुसतं पांढरं भगदाड! उजेड कमी करावा तर खोलीत अमावस्या.

मग पुतण्याने संगणकावर पिवळा ब्रश फिरवला. शेजारच्या माईंनी चष्मा सरसावून निकाल दिला, "हो दिवो पेटूंकच ना!" माईंचं खरं होतं. वर पितळी टोपी असून छत लखलखत होतं. भिंत जवळ आणि लांब सारखीच पिवळी. खरं तर अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. आणि फुलदाणीची सावली थेट दिव्याच्या दिशेने पडली होती, कारण मूळ फोटो दुपारचा, खिडकीच्या उजेडातला. पुतण्या म्हणाला, "एवढं कोण बघतं?" माई बघतात ना!

शेवटी "भावोजी, तुमचा कॅमेरा काढा" असा हुकूम झाला. उपाय एकच: कॅमेरा स्टँडवर पक्का करायचा, जागचा हलवायचा नाही, आणि एकाच चौकटीचे वेगवेगळे फोटो घ्यायचे. शिंपल्यांच्या रेषा दिसाव्यात म्हणून एक सेकंदाच्या दहाव्या भागाचा, खोलीसाठी दोन सेकंदांचा. मग खोलीच्या फोटोवर फक्त दिवा पहिल्या फोटोतला बसवायचा, कडा मऊ ठेवून. उजेड खराच असल्यामुळे टेबलावरचा गोल, अंधारं छत आणि सावल्या सगळं आपोआप जागच्या जागी.

वेळ मात्र सूर्यास्तानंतरची, खिडकीबाहेर निळसर उजेड उरलेला असताना. तो जेमतेम वीसेक मिनिटं टिकतो. कॅमेऱ्याचा रंगतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, ३२०० केल्विनच्या आसपास ठेवला की २७०० चा बल्ब उबदार दिसतो आणि खिडकी निळी राहते.

आता खरी शिक्षा. दिवा दोरीवर, फोटो दोन सेकंदांचा, म्हणजे पंखा बंद. मे महिना, फोंडा, पंखा बंद! दार ढकललं तरी दिवा डुलायचा आणि शिंपल्यांचं ताक व्हायचं. घामाचा थेंब नाकावरून ओघळत होता, पण पुसायला कोणी हात उचलेना. तेवढ्यात एक पाखरू दिव्याभोवती फिरलं आणि फोटोत सोनेरी दोरा होऊन उमटलं. वहिनींना तो आवडला. मी पुसून टाकला.

हे चाललेलं असताना पुतण्या फोनवर फोटो काढून दाखवत होता आणि त्यावर आडवे पट्टे येत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. फोनचा शटर घाईचा असला की ते पकडलं जातं.

फोटो माईंनी पास केला. दिवा मुंबईला गेला आणि आठवड्याभरात गिऱ्हाइकाचा फोन आला, "दिवा छान आहे हो, पण आमच्याकडे लावल्यावर खिडकी निळी होत नाही."