एक किलो बिया आणि मी

कॉफीच्या बियांची एक किलोची पिशवी उचलली तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. मोठी पिशवी स्वस्त पडते, एवढं गणित मला दुकानातच जमलं. आमची दोघांची रोजची कॉफी 20 ग्रॅम बियांची, म्हणजे पिशवी 50 दिवस चालणार, हा भागाकार मात्र घरी आल्यावर सुचला. पिशवीवर भाजल्याची तारीख होती 9 दिवसांपूर्वीची. शेवटची बी दळेपर्यंत ती दोन महिन्यांची म्हातारी होणार होती.

भाजलेली बी काही नासत नाही, तिनं कुणी आजारीही पडत नाही. ती नुसती उदास होत जाते. भाजल्यावर तिच्या पोटात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडतो. पिशवीवर बेंबीसारखी जी झडप असते ती त्यासाठीच: आतला वायू बाहेर जावा, बाहेरची हवा आत येऊ नये. (ती दाबून दाबून वास घेण्यासाठी नसते. मी घेतो.) वायू ओसरला की हवेतला प्राणवायू सुगंधाच्या आणि तेलाच्या मागे लागतो. महिना-दीड महिना बरा जातो, पुढे चव बोथट होत जाते.

म्हणून मी 200 ग्रॅम बिया बरणीत काढल्या, बाकी पिशवीतच चिमटा लावून ठेवल्या आणि बरणी फ्रिजमध्ये सरकवली. बी सच्छिद्र असते आणि शेजाऱ्यांचे वास मन लावून ओढून घेते. शेजारी होता चिरलेला कांदा. बरणीचं झाकणही सैल. सहाव्या दिवशी बायकोनं पहिला घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, "आज कॉफीला फोडणी दिलीस का?"

मग हवाबंद बरणी आणली. काचेची, देखणी. आतल्या बिया दिसाव्यात म्हणून खिडकीत ठेवली. ऊन आणि उष्णता दोन्ही बियांच्या वैरी आहेत हे कळल्यावर ती कपाटात गेली. पण खरी मेख वेगळीच होती. रोज बिया कमी व्हायच्या आणि त्यांची जागा हवा घ्यायची. हवाबंद म्हणजे हवा बाहेर बंद, असा माझा समज. मी ती बियांबरोबर आत कोंडत होतो. बरणी बियांच्या मापाची हवी, नाहीतर झाकण खाली सरकवून हवा काढता येईल अशी.

तिसरा प्रयोग फ्रीजरचा. रोज सकाळी बरणी काढायची, उघडायची, 20 ग्रॅम घ्यायच्या, परत ठेवायची. थंडगार बियांना स्वयंपाकघरातली दमट हवा लागली की त्यांच्यावर दव धरतं. आठवड्याभरात बिया एकमेकींना चिकटायला लागल्या. एक मित्र म्हणाला, "फ्रीजरमध्ये कॉफी ठेवतच नाहीत रे!" मीही चारचौघांत तेच सांगायला लागलो.

वास्तविक फ्रीजर निर्दोष होता. रोज उघडझाप करणारा हात दोषी होता. गोठवलेल्या, हवा न लागलेल्या बिया कित्येक महिने बऱ्यापैकी टिकतात. अट एवढीच की पाकीट एकदाच बाहेर यायचं आणि परत जायचं नाही. या प्रयोगांत 20 दिवस आणि 400 ग्रॅम संपले होते. उरलेल्या 600 चे मी तीन भाग केले. एक कपाटात, छोट्या बरणीत. दोन जाड पिशव्यांत, हवा दाबून काढून, वर आणखी एकेक पिशवी चढवून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये. पाकीट रात्री बाहेर काढायचं, मिटलेलंच राहू द्यायचं आणि सकाळी बिया खोलीइतक्या कोमट झाल्यावरच उघडायचं, म्हणजे दव पाकिटाच्या बाहेरच्या अंगाला धरतं.

पहिलं पाकीट मी तसंच उघडलं. पूड पाण्यानं भिजवली तर ती फुगून आली, बुडबुडे फुटले. शिळी पूड अशा वेळी चिखलासारखी ढिम्म पडून राहते. खिडकीतल्या बियांची तशीच पडली होती. बायकोला बोलावून फेस दाखवला. तिनं "छान" म्हटलं आणि पाकिटाची सगळी पद्धत लक्ष देऊन ऐकली, असं मला वाटलं.

दहा दिवसांनी मला उठायला उशीर झाला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, शेवटचं पाकीट आत्ताच फ्रीजरमधून काढलंय बरं का. तुझा वेळ वाचावा म्हणून सगळ्या बिया ताटात पसरून ठेवल्यात."

धावत गेलो. बिया घामाघूम झाल्या होत्या.