लंडनच्या डॉक्टर जावयाचे पैसे कुठं भरायचे

गावाकडच्या पोराची सोयरीक आली की आपण काय काय करतो ते आठवा जरा. सातबारा मागतो, त्यावर बँकेचा बोजा आहे का ते तलाठ्याकडून पाहून घेतो, विहिरीला मे महिन्यात पाणी राहते का ते धुऱ्याशेजारच्या माणसाला विचारतो, पोरगा पानठेल्यावर उभा राहतो का, राहतो तर खर्रा खातो की नुसताच उभा राहतो, आणि एवढी सगळी खबर काढून झाल्यावरही मामाजी म्हणतात, "पाहू, दिवाळीनंतर कळवतो."

लंडनच्या डॉक्टरले मात्र यातलं काहीच विचारू नका. वाईट दिसते.

विवाहाच्या साइटवर त्याचं प्रोफाइल कसं असते ते सांगतो, म्हणजे हातचं सुटायचं नाही. वय चाळीसच्या आसपास, बायको वारलेली, एक लहान लेकरू, आईवडील अपघातात गेले (म्हणजे फोन लावून विचारायला कोणीच उरलं नाही, केवढी सोय), हुंडा नको, पत्रिका नको, जातीची अट नाही, पोरगी घटस्फोटित असली तरी चालते, उलट बरं म्हणतो. आता आपली पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, पहिलं लग्न मोडलेलं, आणि रोज चार बाया विचारतात, "काहून गं, जमलं नाही का अजून?" या चार बाया त्या डॉक्टरसाठी बिनपगारी काम करून राहिल्या हे त्यांनाही माहीत नाही. त्यांचं तोंड बंद करणारा जावई एकदम व्हॉट्सअपवर आला तर पोरीनं काय करावं?

हो, व्हॉट्सअपवरच. दोन दिवसांत तो म्हणते की या विवाहाच्या साइटवर मला बरोबर वाटत नाही, तुझा नंबर दे. द्या. साइटवर राहिला तर कोणी तक्रार करीन आणि खातं बंद होईन बिचाऱ्याचं. २०१६ साली सरकारनं या साइटवाल्यांना सांगितलं होतं की लोकांची ओळख तपासा, पण प्रोफाइलवर 'व्हेरिफाइड'चं हिरवं चिन्ह दिसलं की आपण गप बसायचं, त्याचा अर्थ पुष्कळदा फक्त मोबाइल नंबरवर ओटीपी गेला एवढाच असते हे कोणाला सांगू नका.

मग रोज सकाळी साडेसहाला "गुड मॉर्निंग माय क्वीन" येते. आपल्याकडे साडेसहा म्हणजे लंडनला हिवाळ्यात रात्रीचा एक, उन्हाळ्यात दोन. रोज एवढ्या रात्री उठून हा माणूस आपल्या पोरीची आठवण काढते, एवढं प्रेम इथल्या पोट्ट्यांकडून होईन काय? घड्याळ पाहू नका. व्हिडिओ कॉल लावला की त्याचा कॅमेरा बिघडते, ऑपरेशन थिएटरात नेट नसते, कधी लागलाच तर दहा सेकंद धूसर चेहरा दिसते आणि कटते. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहू नका, तो दुसऱ्याच देशातल्या दुसऱ्याच नावाच्या माणसाचा निघू शकते आणि मूड जाते.

आणि एक. ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायची तर जनरल मेडिकल कौन्सिलमध्ये नाव पाहिजेच, आणि ती यादी नेटवर फुकट पाहता येते, नाव टाकलं की नोंदणी नंबर आणि लायसन्स चालू आहे की नाही दिसते. उघडूच नका ती. उघडलीच आणि त्या नावाचा खरा डॉक्टर सापडला तर लगेच खुश व्हा, कारण यादीत फोटो नसते, आणि हा तोच आहे का हे त्याच्या दवाखान्याच्या फोनवर विचारणं म्हणजे अविश्वास झाला.

आता मुद्द्याचं, पार्सल.

महिना दीड महिना झाला की तो गिफ्ट पाठवते. आयफोन, सोन्याचा सेट, पर्स, घड्याळ, सगळं पलंगावर मांडलेला फोटो येते, कुरिअरची पावती येते, ट्रॅकिंग नंबर येते. कुरिअरची एक साइट असते, तिथं नंबर टाकला की पार्सल लंडनहून निघालं, दिल्लीला उतरलं, असं सगळं दिसते. साइट त्यानंच बनवली असते म्हणून दिसते, पण आपल्याला गंमत पाहायची आहे. तिसऱ्या दिवशी तिथं लाल अक्षरात "ऑन होल्ड, कस्टम्स" येते आणि तासाभरात फोन वाजते. "मॅडम, दिल्ली एअरपोर्ट कस्टम से बोल रही हूं, आपका पार्सल आया है, क्लिअरन्स चार्ज पैंतीस हजार पाँच सौ."

पस्तीस हजार पाचशेच काहून? कारण गोल आकडा मागितला तर शंका येते, वरचे पाचशे लावले की सरकारी वाटते. आणि एवढी रक्कम शिक्षिकेच्या खात्यात असते, कोणाला विचारावं लागत नाही, यूपीआयनं दोन मिनिटांत जाते. खाते नंबर कस्टमचा नसून कुठल्यातरी परक्या राज्यातल्या एका माणसाच्या बचत खात्याचा असते. त्यावर "ये हमारे एजंट का अकाउंट है" असं उत्तर मिळते, ते पटवून घ्या. खरं कस्टम असतं तर पोस्टानं आलेल्या पार्सलची ड्युटी पोस्टमन देताना घेतली असती, कुरिअरनं आलं असतं तर कुरिअर कंपनीनं केवायसी मागून बिलासकट घेतली असती, पैसा सरकारी खात्यात गेला असता आणि पत्रावर डीआयएन नावाचा नंबर असता, जो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येते, २०१९ पासून तशी पद्धत आहे. म्हणजे खऱ्या कस्टमचं काम किती कटकटीचं पहा. हे लोक फोनवरच करून देऊन राहिले.

दुसऱ्या दिवशी पार्सल स्कॅन होते. आत चाळीस हजार पौंड निघतात! डॉक्टरनं सरप्राइज म्हणून नोटा लपवल्या होत्या म्हणे, लग्नाच्या खर्चाला. आता ते पौंड रुपयात बदलायची फी पंच्याऐंशी हजार. इथं पोरगी जराशी थबकते, पण पहिले पस्तीस हजार पाचशे आठवतात, आता थांबलो तर ते गेलेच. लक्षात घ्या, पहिला आकडा गिफ्टसाठी नव्हताच, तो दुसऱ्या आकड्याचा खुंटा होता. बाहेरून येणारा माणूस कितीही परकीय चलन आणू शकते, नोटा पाच हजार डॉलरच्या वर असल्या किंवा नोटा-चेक मिळून दहा हजार डॉलरच्या वर गेले तर एक फॉर्म भरून सांगावं लागते, त्यावर ड्युटी लागतच नाही. पण हे तुम्हाला कोणी सांगितलं तर म्हणा, तुम्हाले काय माहीत, तुम्ही काय लंडनले गेले होते का.

तिसरी फी अँटी मनी लॉन्ड्रिंग सर्टिफिकेटची, एक लाख पासष्ट हजार. या वेळी आवाज बदललेला असते. आता बाई नाही, साहेब बोलतात, "आपके नाम पे पार्सल है, विदेशी करन्सी है, सर्टिफिकेट नहीं लिया तो केस होगा, पुलिस घर आएगी." सोबत अशोकस्तंभ छापलेलं पत्र, खाली सही शिक्का, रिझर्व्ह बँकेचं नाव सुद्धा. आशेनं जे निघालं ते आता भीतीनं निघते. आणि फोन मुद्दाम शुक्रवारी दुपारी येते, म्हणजे उद्या चौथा शनिवार, परवा रविवार, कोणाला विचारायला वेळच नको.

एवढी रक्कम यूपीआयनं जात नाही, म्हणून पोरगी बाबांना घेऊन तालुक्याच्या बँकेत जाते, सोन्याच्या पाटल्या गहाण पडतात, एनईएफटीची स्लिप भरली जाते. लाभार्थीचं नाव या रकान्यात भलतंच नाव, बचत खातं, शाखा पार दुसऱ्या टोकाची. कॅशिअर चष्म्यावरून पाहते. "कोण आहे हे, ताई?"

"नातेवाईक आहेत," बाबा म्हणतात.

शाब्बास. हे उत्तर आधीच फोनवर शिकवलं असते, बँकवाले विचारतील, सांगा नातेवाईक, नाहीतर कन्व्हर्जन कॅन्सल होईन. ज्या बापानं गावातल्या पोराचा धुरा मोजला तो इथं स्वतःच्या हातानं परक्या माणसाला सोयरा करून घेते. स्लिपवरचं नाव खऱ्या माणसाचं असते बरं का, त्यानं खातं कमिशनवर भाड्यानं दिलेलं असते. पैसे तिथं आले की थोड्या वेळात चार दुसऱ्या खात्यांत फुटतात आणि कुठंतरी एटीएममधून निघतात.

एकूण दोन लाख पंच्याऐंशी हजार पाचशे. सात हजारांचा भाव धरला तर चाळीसेक क्विंटल कापूस, वेचाई सोडून.

काही डॉक्टर पार्सल न पाठवता स्वतःच विमानानं येतात आणि दिल्लीलाच अडकतात. नागपूरला कधीच अडकत नाहीत, तिथून आपला कोणीतरी दोन तासांत पोहोचू शकते ना. खऱ्या प्रवाशाचं सामान कस्टमनं अडवलं तर तो आपल्याच कार्डानं ड्युटी भरते किंवा सामान तिथं ठेवून पावती घेऊन निघते, वर्धा जिल्ह्यातल्या होणाऱ्या बायकोकडे वर्गणी मागत नाही. पण असे बारकावे पाहत बसलं तर सोयरीक होत नसते.

पैसे गेल्यावर काय करायचं तेही सांगून ठेवतो. पहिली गोष्ट, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन अजिबात करायचा नाही. तिथं लवकर तक्रार गेली तर ते समोरच्या बँकेला कळवतात, आणि पैसा खात्यात शिल्लक असला तर तिथंच अडकून राहू शकते, म्हणजे भाड्यानं खातं देणाऱ्याची किती पंचाईत. cybercrime.gov.in वरही लिहू नका. चॅट डिलीट करा, पावत्या फाडा, नंबर ब्लॉक करून मोकळे व्हा, पोलिसांना दाखवायला काही ठेवूच नका. आठवडाभर घरात एकमेकांशी बोलू नका. पोरीलाच दोष द्या, बाबांनी स्लिपवर सही केली होती हे कोणी काढू नये.

मग महिन्याभरानं एक फोन येईन. सायबर सेलचा मोठा साहेब, त्याला तुमचं नाव, रक्कम, तारीख सगळं माहीत असेन (माहीत कसं, हे विचारू नका, यादी त्याच लोकांनी विकली किंवा तोच तो आहे). म्हणेन, तुमचे पैसे सापडले, रिफंडची फाइल तयार आहे, फक्त कोर्ट फी बारा हजार पाचशे भरा. पाचशे आहेत, म्हणजे सरकारीच असणार. भरून टाका, आणि जाताना बँकेतून नवीन पासबुक घेऊन या, जुन्यात एंट्रीला जागा उरली नसेन.