92 टक्के, हिरवेगार

आज सकाळच्या रिव्ह्यूत माझ्या केआरपुढे, म्हणजे तिमाहीत गाठायच्या आकड्यापुढे, 92 टक्के झळकत होते आणि सरांनी त्या आनंदात सगळ्या ऑफिसला पोहे-जलेबी मागवली. माझ्या घशाखाली घास उतरेना. (खोटं कशाला बोलू, दोन प्लेट खाल्ल्या. पण चिडून खाल्ल्या.)

92 कशाचे, ते ऐका. ऑब्जेक्टिव्ह असं की दुकानदारांनी सेल्समनची वाट न बघता आपल्या ॲपवरून ऑर्डर द्यावी. केआर असा की सप्टेंबरअखेर शंभरातल्या 50 ऑर्डरी ॲपवरून याव्यात; जुलैत 20 येत होत्या. त्याला 12 तिकिटं, म्हणजे छोटी-छोटी कामं, जोडली. हिंदी स्क्रीन, मागचीच ऑर्डर पुन्हा देण्याचं बटण, व्हॉट्सॲपवरची आठवण वगैरे. त्यातली 11 झाली. 11 भागिले 12, झाले 92. शीटचा फॉर्म्युलाच तसा.

आणि ऑर्डरी? 20 च्या झाल्या 23. तीस चढायच्या होत्या, तीन चढल्या. म्हणजे दहा टक्के. रविवारी रात्री जेवण सोडून मी त्या खान्यात 10 लिहून आलो होतो. सकाळी बघतो तर पुन्हा 92! वर सर सगळ्यांसमोर म्हणतात, "अरे, हातानं आकडे नको ना भरत जाऊ, शीट बिघडते."

शीट बिघडते! दुकानदार बिघडला तर चालतो.

पण खरी आग वेगळ्याच गोष्टीनं लागली. हिंदी स्क्रीन आली, बटण आलं, तरी आकडा का हलेना म्हणून मी दोन आठवडे रोज दुपारी इंदूरच्या सियागंज आणि मल्हारगंजातल्या दुकानदारांना फोन केले. तीसेक जणांशी बोललो. जवळजवळ सगळ्यांचं एकच: "भिया, ऑर्डर तो दे दूँ, पर हिसाब?" सेल्समन येतो, मागची बाकी सांगतो, थोडे पैसे घेतो, आणि त्याच उभ्या-उभ्या गप्पांत नवी ऑर्डर लिहून नेतो. आपल्या ॲपवर बाकी दिसतच नाही. मग दुकानदार त्यावर ऑर्डर देईलच कशाला? बटण सोन्याचं लावलं तरी देणार नाही.

अख्ख्या तिमाहीत हाती लागलेली कामाची गोष्ट ही एकच. आणि शीटमध्ये तिची किंमत शून्य, कारण फोन करण्याचं तिकीट नव्हतं. सर विचारतात, "हे नेमकं कशाशी अलाइन होतं?" या अलाइन शब्दाला एकदा कृष्णपुऱ्याच्या पुलावरून खाली ढकलायचंय मला.

व्हॉट्सॲपच्या आठवणीचं तर विचारूच नका. ते एक तिकीट तीन केआरना बांधलंय, म्हणजे काम एकदा आणि शाबासकी तीनदा. लाइव्ह गेलं 26 सप्टेंबरला. तिमाही संपायला चार दिवस असताना ते कुणाचा आकडा हलवणार होतं? त्याचा परिणाम दिसलाच तर नोव्हेंबरात दिसेल, आणि तोवर ते तिकीट कुणाच्या लक्षातही नसेल.

जुलैत हेच सर सांगत होते, "घाबरू नका, गूगलमध्ये 1 पैकी 0.7 आले तरी चांगलं मानतात." मानतात, पण ते मुद्दाम झेपेपलीकडे ठेवलेल्या टार्गेटला. आणि ऑगस्टमध्ये साहेबांनी तोच स्कोअर बोनसला जोडून टाकला! आता पुढच्या तिमाहीत 50 कोण लिहील? सगळे 25 लिहितील आणि 27 करून पेढे वाटतील. टाइमशीटचंही असंच झालं होतं. रोज साडेआठ तास, सगळ्यांचे, दिवाळीच्या आदल्या दिवशीसुद्धा.

आता एक कबुली. ती 12 तिकिटं मुळात 9 होती. ऑगस्टात माझी ओळ लाल दिसायला लागली म्हणून हिंदी स्क्रीनचे चार तुकडे मीच केले. तसेच राहू दिले असते तर नऊपैकी आठ झाली असती, म्हणजे 89. तीन टक्क्यांसाठी ही लबाडी! आणि सकाळपासून दुसऱ्यांच्या आकड्यांवर नाक मुरडत बसलोय.

दुपारी टेस्टिंगच्या ताईंबरोबर बसून शीटमध्ये एक रकाना वाढवला: हे काम झाल्यावर कोणता आकडा, किती आणि कधीपर्यंत हलेल? पुढच्या तिमाहीच्या 10 तिकिटांपैकी सहांपुढे आम्हा दोघांनाही काही लिहिता आलं नाही. "ॲपवर बाकी दाखवा" हे तिकीट तर यादीतच नव्हतं. ते घातलं आणि त्यापुढे सगळ्यात आधी लिहिलं: आधी सियागंजची 20 दुकानं, त्यांच्या ॲपवरच्या ऑर्डरी, लाइव्ह झाल्यापासून चार आठवडे.

संध्याकाळी सरांनी रकाना बघितला. खूश झाले. म्हणाले, "मस्त! याचंही एक तिकीट करून टाक."