उशीखालचा फोन आणि कापसाची थाप

"आजकालच्या फोनमध्ये ऑटो कट असतो. १०० टक्के झाले की करंट बंद. उशीखाली चार्जिंगला लावून निर्धास्त झोपा. उशीचा कापूस उष्णता शोषून घेतो, फोन थंड राहतो."

हा मेसेज आईला आला आणि महत्प्रयासाने टेबलावर गेलेला तिचा फोन पुन्हा उशीखाली गेला. म्हणून हे लिहितोय.

आधी कापसाचं बघू, कारण सगळ्यात घातक थाप तीच आहे. कापूस उष्णता शोषत नाही, अडवतो. थंडीत आपण गोधडी घेतो ती त्याचसाठी. फोनला पंखा नसतो. चार्ज होताना आत तयार होणारी उष्णता पाठीतून आणि काचेतून बाहेरच्या हवेत जाते, तेवढाच त्याला मार्ग. २० वॅटच्या चार्जरमधले समजा दोन वॅट जरी उष्णतेत गेले, तरी उघड्या टेबलावर ते सहज निघून जातात. खाली गादी, वर उशी आणि तिच्यावर डोकं असेल तर ते जाणार कुठे? फोन तापतच राहतो.

ऑटो कट असतो, हे मान्य. जास्त चार्ज होऊन बॅटरी बिघडेल ही भीती आता फारशी खरी नाही. पण ऑटो कट करंट थांबवतो, साचलेली उष्णता बाहेर काढत नाही. फोन जास्त तापला की चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, हेही खरं. म्हणूनच रात्रभर लावलेला फोन सकाळी कधी ८० टक्क्यांवरच अडकलेला दिसतो. तोवर बॅटरी तापायची ती तापलेलीच असते. त्यातून ती पूर्ण भरली आणि तशीच गरम राहिली, तर आतलं रसायन सगळ्यात वेगाने झिजतं. ती क्षमता परत येत नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर ॲपलचं ऐका. आयफोन ३५ अंशांपेक्षा जास्त गरम वातावरणात वापरला तर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असं ते सांगतात. फोन किंवा ॲडॉप्टर प्लगला लावलेला असताना उशीखाली, पांघरुणाखाली ठेवू नका, असंही त्यांच्या सुरक्षा-सूचनांत लिहिलंय. विदर्भात मे महिन्यात रात्रीसुद्धा खोली तिशीच्या वर असते. उशीखाली मग ३५ ओलांडायला कितीसा वेळ लागणार?

मेसेजमधल्या 'निर्धास्त'बद्दल एवढंच, की उशीखालचा प्रत्येक फोन पेट घेत नाही. पण बॅटरी फुगू शकते. सपाट टेबलावर फोन पालथा ठेवून बघा. डुगडुगत असेल, स्क्रीनची कड उचललेली असेल किंवा मागचं झाकण सुटत असेल तर चार्जिंग बंद करा. दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका, थेट सर्व्हिस सेंटरला न्या.

गजरासाठी फोन जवळच हवा असेल तर पलंगाशेजारी स्टुलावर ठेवा. लांब वायर घ्या, जाड कव्हर काढा. आईसाठी मी तेच केलंय.