मालकांचं ‘हं’ आणि तीन हजार खोकी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. त्याच्या गोडाऊनमध्ये आज तीन हजार छापील खोकी पडून आहेत. कोणी सांगितली? मीटिंगनं सांगितली. पुरावा? पान 11. पान 29 वाचायची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

दिवाळीच्या गिफ्ट सेटसाठी ‘मोकळेपणानं कल्पना मांडा’ अशी मीटिंग झाली. दोन टॉवेलचा सेट, आकार 75 बाय 150 सेंटीमीटर, बाकी सगळं उघडं. सात माणसं, दोन तास, दोनदा चहा, मध्ये लाइट गेली ती वेगळीच. मी म्हटलं, मी मिनिट्स काढते. मालक म्हणाले, “रेकॉर्डिंग चालू आहे की, मिनिट्स कशाला?” मग ऑफिसातल्या पोरानं दोन दिवस कानात वायर घालून सगळं टाइप केलं. 41 पानं. प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली आणि प्रत्येकानं त्यात आपापली कल्पना मंजूर झालेली पाहिली!

पान 11 वर मार्केटिंगवाले म्हणतात, “बॉक्स करून टाकू, तीन हजार.” खाली मालक, “हं.” त्याखाली कोणीतरी, “चालेल.” झालं. मार्केटिंगचे साहेब दुसऱ्या दिवशी प्रिंटरकडे ॲडव्हान्स देऊन मोकळे.

अहो, मालकांचं ‘हं’ म्हणजे ‘ऐकतोय, पुढे बोल’. फोनवर बायकोशी बोलतानाही ते हेच ‘हं’ म्हणतात. आणि तो ‘चालेल’ कुणाचा, माहीत आहे? मी रेकॉर्डिंग काढून ऐकलं. चहावाल्यानं विचारलं, “साखर कमी आहे, चालेल का?” त्याला दिलेलं उत्तर आहे ते. पोरानं चहावाल्याचा प्रश्न गाळला आणि उत्तर तेवढं ठेवलं.

आता मला सांगितलंय, ‘यातून काय ठरलं ते काढ.’ म्हणजे जेवण झाल्यावर पत्रावळ्यांवरून स्वयंपाकाची यादी करायची. पहिल्यांदा मी शहाणपणा केला, फाइलमध्ये ‘ठरलं’ हा शब्द शोधला. नऊ ठिकाणी सापडला. चार वेळा गेल्या वर्षीचं ठरलेलं, दोन वेळा ‘अजून ठरलं नाही’, दोन वेळा ‘ठरलं तर’, आणि एकदा डाइंग मास्तर वैतागून, “तुमचं ठरलं की मला उठवा.” या मीटिंगमधला निर्णय त्या नऊंत एकही नाही.

आपल्या बोलण्याचीच गंमत आहे. ‘बॉक्स घेऊ’ हे तीन शब्दांचंसुद्धा वाक्य नाही, पण ते विचारणं असेल, सुचवणं असेल, नाहीतर ठरवणं. ऐकताना आवाजावरून कळतं. कागदावर आवाज नसतो, आणि आमच्या पोराला प्रश्नचिन्हाची ॲलर्जी. त्यात आमचं सोलापुरी ‘की’. ‘करू की’ म्हणजे माझी ना नाही, एवढंच. ‘बघू की’ म्हणजे तर बहुतेक वेळा विषय संपला. बाहेरचा माणूस दोन्ही ठिकाणी होकार लिहून बसेल.

शेवटी मी पानं उलटी वाचायला घेतली, 41 पासून मागे. कारण कल्पना पहिल्यांदा कुठे निघाली याला काही किंमत नाही, तिच्याबद्दल शेवटचं काय बोललं गेलं ते बघायचं असतं. खोक्यांचं शेवटचं बोलणं पान 29 वर आहे. अकाउंट्सचे काका विचारतात, “एवढी खोकी ठेवणार कुठं?” मालक म्हणतात, “आधी पन्नास नमुने करून आण, शुक्रवारी बघू.” आणि मार्केटिंगवाले स्वतः म्हणतात, “आणतो.” बघा, इथे काम आहे, आकडा आहे, वार आहे, अंगावर घेणारा माणूस आहे, आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्यानं सांगितलेलं आहे. म्हणजे पन्नास नमुने आणायचं ठरलं. खोकी घ्यायचं ठरलंच नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं समजायला काय एमबीए लागतं?

खरा निर्णय तर भलतीकडेच लपला होता, पान 23 वर. टॉवेल 500 जीएसएमचा करायचा की 450 चा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा, यावर आठ पानं भांडण. मार्केटिंगला 500 हवा, हाताला जाड लागतो म्हणून. निकाल असा कुठेच नाही. फक्त डाइंग मास्तर म्हणतात, “मग साडेचारशेच्या हिशोबानं सूत सांगतो.” मालक म्हणतात, “सांग, मंगळवारपर्यंत यायला पाहिजे.” ‘ठरलं’ नाही, ‘फायनल’ नाही, काही नाही. पण त्यानंतर पुन्हा 500 चं नाव कोणी काढत नाही, आणि काकांचा पुढचा सगळा हिशोब साडेचारशेवर चालतो. भांडण मिटल्याची याहून मोठी खूण कोणती हवी? आणि हे लहान नव्हतं. 450 जीएसएमला त्या मापाचा टॉवेल साधारण 506 ग्रॅम भरतो, 500 ला 562. टॉवेलमागे 56 ग्रॅम. तीन हजार सेटचे सहा हजार टॉवेल, म्हणजे जवळजवळ 340 किलो सुताचा फरक. हा निर्णय कुणाच्याच नजरेत आला नाही, कारण तो कुणी जोरात बोललं नव्हतं.

मार्केटिंगवाल्यांच्या तर नाहीच नाही. ते प्रिंटरकडे 500 जीएसएमचा नमुना घेऊन गेले, त्याच्या घडीच्या मापानं खोकी बनवून घेतली. आता आमचा 450 चा सेट त्यात घातला की खुळखुळ्यासारखा हलतो.

आणि बोलणी कुणाला? मला! “तू वेळेवर काढलं असतंस तर?” अहो, मिनिट्स कशाला म्हणालं कोण? तेही पान 1 वर आहे, टाइप केलेलं.

बरं, इतकं करूनही चार गोष्टी मला कागदावरून सुटल्या नाहीत. कापडी पिशवीवर मालक म्हणाले, “बरी दिसेल.” ते आवडलं की घ्या? मान हलवली असेल तर ती काय टाइप होते? तिथे मी डोकं लावलं नाही. कागद घेऊन सरळ केबिनमध्ये गेले आणि विचारलं. मालक म्हणाले, “मी असं म्हणालो?” म्हणून ते ‘नुसतं बोललं गेलं’ या खान्यात टाकलं. प्रत्येक निर्णयापुढे पान नंबर आणि तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहिले, कोण करणार, कधीपर्यंत तेही लिहिलं. जिथे माणूस नाही की वार नाही, तिथे ‘ठरलेलं नाही’ असं ठळक लिहिलं. सगळ्यांना पाठवून शनिवार दुपारपर्यंत हरकत कळवा म्हटलं. मार्केटिंगवाल्यांचा एका ओळीत निरोप आला, “पान 11 बघा.”

आज चारला परत मीटिंग झाली. विषय, खोक्यांचं काय करायचं. कोणीतरी म्हणालं, शेंगा चटणी भरून विकू. काका म्हणाले, “विकू की.” मालक म्हणाले, “हं.” मी तिथेच पेन खाली ठेवून विचारलं, “मालक, हे ‘हं’ कुठल्या खान्यात लिहू?” मार्केटिंगवाले तोवर चटणीवाल्याला फोन लावत बाहेर गेले होते.