समन्स आलंय? मग दार लावून घ्या!

दिवाणी दावा हरायचे मार्ग अनेक आहेत. पुरावा नसणं, साक्षीदार फुटणं, मुदत उलटणं वगैरे. पण त्या सगळ्यांत कोर्टाची पायरी चढावी लागते. घरबसल्या हरायचं असेल तर तुमच्या गैरहजेरीत होणाऱ्या निकालासारखा, म्हणजे एकतर्फी हुकूमनाम्यासारखा, दुसरा मार्ग नाही.

समजा, तालुक्याच्या बांधकाम साहित्याच्या दुकानातून तुम्ही सिमेंट-सळई उधारीवर उचलली. दुकानदाराने 3,60,000 रुपयांच्या वसुलीचा दावा लावला. तुमचं म्हणणं असं, की त्यातले 1,40,000 तुम्ही बँकेतून दिलेत आणि पासबुकात तशी नोंदही आहे. म्हणजे बचाव चांगला आहे. आता तो वाया कसा घालवायचा ते पाहू.

पहिलं काम समन्स न घेणं. बेलीफ दारात आला की आतूनच सांगा, "ते गावाला गेलेत." बेलीफ हुज्जत घालत नाही. तो पायरीवर बसतो, समन्सच्या पाठीवर शांतपणे लिहितो: 'इसम घरी मिळून आला नाही. घरातील प्रौढ व्यक्तीने समन्स स्वीकारण्यास नकार दिला. पंचांसमक्ष दर्शनी दारावर डकवले.' शेजारच्या किराणावाल्याची पंच म्हणून सही घेतो, एक प्रत दाराला चिकटवतो आणि निघून जातो. तुम्ही पडद्याआडून बघत राहा आणि जिंकल्यासारखं वाटून घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 5 मध्ये या सगळ्याची सोय 1908 पासून आहे, हे लक्षात ठेवायची गरज नाही. तुम्ही नसाल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर घरातल्या प्रौढ माणसाच्या हाती दिलेलं समन्सही चालतं. रजिस्टर पोस्टाचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत गेलं, तरी ते पोचलं असंच कोर्ट धरून चालतं. व्हॉट्सॲपवर तरी सुरक्षित राहू म्हणाल, तर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात निळ्या टिक बघूनच नोटीस पोचल्याचं मानलं. तेव्हा पीडीएफ उघडून वाचा आणि मग 'मला काही मिळालंच नाही' म्हणा. निळ्या टिक तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला मोकळ्या.

22 एप्रिलला कोर्टात पुकारा होतो. शिपाई तुमचं नाव तीनदा ओरडतो, व्हरांड्यातले लोक एकमेकांकडे बघतात. वादी हजर, तुम्ही नाही, बेलीफचा अहवाल समोर. न्यायाधीश दाव्यावर आदेश करतात: प्रतिवादीविरुद्ध दावा एकतर्फी चालवावा. इथे बहुतेक लोक समजतात की आता सगळं संपलं. तुम्हीही तसंच समजा, कारण हा गैरसमज पुढच्या वाटचालीसाठी फार उपयोगाचा आहे.

वास्तविक या आदेशाइतकं हलकं ओझं दिवाणी कोर्टात दुसरं नसेल. ऑर्डर 9, नियम 6 खालचा हा आदेश एवढंच म्हणतो, की त्या दिवशी तुम्ही नव्हता म्हणून काम तुमच्याशिवाय पुढे जाईल. सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्येच, संग्राम सिंह प्रकरणात, सांगून ठेवलंय की असा आदेश म्हणजे कोर्टाबाहेर हाकलणं नव्हे. पुढच्या तारखेला तुम्ही उभे राहिलात, तर आदेश रद्द न होताही तिथून पुढच्या कामात भाग घेता येतो. वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, युक्तिवाद करता येतो. मागे जाता येत नाही, एवढाच फरक. म्हणजे कैफियत, अर्थात दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, आपले साक्षीदार आणायचे, तर घड्याळ मागे फिरवावं लागतं आणि त्यासाठी नियम 7 चा अर्ज आहे. पुढच्या तारखेला किंवा तिच्या आधी यायचं, मागच्या गैरहजेरीचं योग्य कारण दाखवायचं, कोर्ट सांगेल तो खर्च भरायचा. बहुतेक वेळा काम होऊन जातं.

त्यामुळे हा अर्ज चुकूनही वेळेत देऊ नका. दिलाच, तर सोबत कैफियत जोडू नका. कैफियतीची मुदत समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, कारण दाखवून 90 पर्यंत. त्यापुढे कोर्टाला विलंबाची खरी अडचण पटवावी लागते. तेव्हा एकतर्फी आदेश रद्द करून घ्यायचा आणि मग म्हणायचं, 'कैफियतीला थोडा वेळ द्या.' न्यायाधीशांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो.

वादी 10 जूनला प्रतिज्ञापत्रावर साक्ष देतो. बिलं दाखल, उधारीची वही दाखल. ती वही एकदा उघडून बघायला हवी, कारण तुमच्या नावाच्या पानावर मार्चनंतर शाईचा रंगच बदललाय आणि 1,40,000 ची जमा कुठेच नाही. पण विचारणार कोण? कोर्टाला दावा सिद्ध झालाय का हे बघावं लागतंच, गैरहजेरी म्हणजे आपोआप कबुली नव्हे. पण समोरून प्रश्नच आला नाही, तर न आव्हानलेली साक्ष नाकारायला न्यायाधीशांकडे तरी काय कारण? तुमचं पासबुक कपाटात, साड्यांच्या खाली, अगदी सुरक्षित आहे.

युक्तिवाद संपला, दावा निकालासाठी ठेवला. आता घाईघाईने नियम 7 चा अर्ज द्या. अगदी हीच वेळ. सुनावणी संपल्यावर 'पुढची सुनावणी' उरत नाही आणि निकालासाठी ठेवलेला दावा म्हणजे सुनावणीची तारीख नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन सिंह प्रकरणात स्पष्ट केलंय. त्यामुळे अर्ज फेटाळला जाईल आणि तुम्हाला कोर्टावर रागावता येईल.

14 जुलैला हुकूमनामा होतो: 3,60,000, व्याज आणि दाव्याचा खर्च. इथून वेगळा दरवाजा, ऑर्डर 9 चाच नियम 13, म्हणजे हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज. तो उघडायच्या चाव्या दोनच आहेत: एक, समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं. दोन, त्या तारखेला हजर राहण्यापासून पुरेशा कारणाने तुम्ही अडला होता. पहिल्या चावीला गंज चढवायचं काम तुम्ही एप्रिलआधीच उरकलंय. शिवाय संहितेतच लिहिलंय, की बजावणीत बारीकसारीक त्रुटी असली पण तारखेची माहिती तुम्हाला होती आणि यायला वेळ होता, तर तेवढ्या त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही. 'बेलीफने नावात वेलांटी चुकवली' हे तुमचं हुकमी शस्त्र तिथेच बोथट.

मुदत 30 दिवस, लिमिटेशन ॲक्टच्या अनुच्छेद 123 प्रमाणे. म्हणजे 13 ऑगस्टपर्यंत. समन्स नीट बजावलंच नसेल, तर 30 दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. वर्तमानपत्रात छापून केलेली बजावणी या मोजणीपुरती नीट बजावणी धरत नाहीत, हे मात्र प्रतिवादीच्या बाजूने आहे. म्हणून ते अजिबात वाचू नका. शिवाय ई-कोर्ट्स ॲपवर स्वतःचं नाव घालून बघणं ही भित्र्या लोकांची सवय.

मग नोव्हेंबर. 20 तारखेला सकाळी बेलीफ पुन्हा येतो, या वेळी वादीने हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी लावलेल्या दरखास्तीतलं जप्तीचं वॉरंट घेऊन. तुमच्या पिकअपचा नंबर त्यावर टाइप केलेला आहे. हुकूमनाम्याला दोन वर्षं व्हायच्या आत दरखास्त लावली, तर जप्तीआधी नोटीस देण्याचं बंधन सहसा नसतं, त्यामुळे नोटीस न दिल्याचा आरडाओरडा करायला हरकत नाही, उपयोग मात्र होणार नाही. आता त्याच दिवशी धावतपळत अर्ज केलात, तरी 13 ऑगस्टपासून 99 दिवसांचा उशीर. तो माफ करायला लिमिटेशन ॲक्टच्या कलम 5 चा वेगळा अर्ज सहसा देतात. अनुभवी माणूस तो विसरतो. निशाणी 1 वर हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज, विलंबमाफीचा पत्ता नाही, दरखास्तीला स्थगितीचा अर्जही नाही. पिकअप कोर्टाच्या आवारात पावसात उभी आणि तुम्ही व्हरांड्यात.

कारणही दमदार हवं. गल्लीतल्या दवाखान्यातून टायफॉइडचं सर्टिफिकेट आणा. तारीख 22 एप्रिल असली पाहिजे एवढं मात्र बघा. कारण 2000 सालच्या जी. पी. श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की पुरेसं कारण बघायचं ते ज्या तारखेला गैरहजर राहिलात त्या तारखेचं. आधीच्या तारखांना तुम्ही कसे वागलात याचा ठपका ठेवायचा नाही. खरा आजारी माणूस यात तरतो. तुमच्याकडे सर्टिफिकेट 22 चं आणि साखरपुड्याच्या पंगतीत जिलेबी वाढतानाचा फेसबुकवरचा फोटोही 22 चाच. वादीचे वकील तो फोटो रंगीत छापून आणतील. विरुद्ध बाजूला नोटीस दिल्याशिवाय हुकूमनामा रद्द होत नाही, नियम 14 तसाच आहे, म्हणजे त्यांना तयारीला वेळ मिळणारच.

वकिलांवर ढकलायचं असेल, तर तारखेच्या दिवशी तुम्ही त्यांना एकदाही फोन केला नव्हता हे सांगू नका. कोर्ट वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला सहसा देत नाही, पण पक्षकार जवळजवळ सात महिने कुठे होता, असा प्रश्न पडतोच.

अर्ज फेटाळला, तर ऑर्डर 43 खाली अपील आहे. हुकूमनाम्यावर थेट पहिलं अपीलही होतं, आणि तिथे वादीच्या दाखल पुराव्यावरही काही सांगता आलं असतं. दोन्ही एकदम लावायलाही बंदी नाही. पण हुकूमनाम्यावरचं अपील मागे न घेता निकाली निघालं, की नियम 13 चा दरवाजा बंद. तेव्हा आधी अपील हरा, मग अर्ज द्या. उलट क्रमाने गेलं तर काम होण्याची भीती असते.

आणि समजा, एवढं करूनही न्यायाधीश दयाळू निघाले. विलंब माफ, हुकूमनामा रद्द, अट एवढीच की वादीला 5,000 खर्च द्या आणि 1,50,000 कोर्टात पंधरा दिवसांत भरा. असा आदेश सशर्त असतो. मुदतीत रक्कम भरली नाही, तर रद्द झालेला हुकूमनामा पुन्हा उभा राहू शकतो. वकिलांचा फोन येईलच पैसे कधी भरताय म्हणून. तो उचलू नका. दारात कुणी आलं, तर आतूनच सांगा, "ते गावाला गेलेत."