शेपटीला उचकी लागते

‘जिफ ना? दोन मिनिटांचं काम’ असं पुढचा माणूस म्हणाला तर मी त्याच्या हातात माऊस देऊन दाराला बाहेरून कडी लावणार आहे. ठरलंय माझं.

झालं असं, की ताईने तिच्या बोक्याची क्लिप पाठवली. सहा सेकंदांची. महाराज कपाटावर पसरलेत, शेपटी खाली लोंबतेय आणि लंबकासारखी डावीकडे-उजवीकडे झुलतेय. बास, एवढंच. ‘हे सतत हलत राहील असं करून दे ना रे, तुला येतं ते.’ मीही दीडशहाणा, हो म्हणून बसलो. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

आधी फोनवरचं एक फुकट अ‍ॅप घेतलं. खाली फिल्मची पट्टी, दोन टोकांना दोन दांडे, दांडे सरकवा आणि कापा. ऐकायला छान. पण दांडा सरकतो तो सेकंदाच्या दहाव्या भागाने. क्लिप सेकंदाला 30 फ्रेमची, म्हणजे दांडा एकदा हलला की तीन फ्रेम गेल्या. मला हवी नेमकी एक फ्रेम. सुईत दोरा ओवायला सांगायचं आणि हातात पहार द्यायची, त्यातला प्रकार! शिवाय अंगठा उचलताना तो दांडा आणखी एक खेप सरकतो, हे वेगळंच.

जे बाहेर पडलं त्यात शेपटी उजवीकडे जायची, परत यायला लागायची आणि मध्येच टचकन उडी मारायची. दर फेरीला. बोक्याच्या शेपटीला उचकी लागली होती.

आता यावर जो तो एकच सल्ला देतो: पहिली आणि शेवटची फ्रेम सारखी असली पाहिजे. अरे बाबांनो, मी सारखीच घेतली होती! दोन्ही फ्रेममध्ये शेपटी कपाटाच्या मधल्या फटीवर होती. डोळे फुटेपर्यंत बघितल्यावर अर्ध्या तासाने ट्यूब पेटली. शेपटी त्या फटीवरून एका फेरीत दोनदा जाते, एकदा उजवीकडे जाताना आणि एकदा परतताना. माझ्या पहिल्या फ्रेममध्ये ती जात होती आणि शेवटच्या फ्रेममध्ये येत होती. जागा तीच, दिशा उलटी. स्थिर फोटोत हे कळतच नाही, कळतं ते फक्त शेजारच्या फ्रेम पाहिल्या तर. म्हणजे एक फ्रेम जुळवून भागत नाही, तिच्या पुढची आणि मागचीही जुळवून बघावी लागते. हे एकही जण सांगत नाही.

मग शहाणपणा सुचला की मध्ये कापायचंच नाही, टोकाला कापायचं. शेपटी डाव्या टोकाला पोचली की क्षणभर रेंगाळते, तिथल्या दोन-तीन फ्रेम जवळजवळ सारख्या असतात, त्यामुळे एखाद्या फ्रेमची चूक खपून जाते. मध्यावर मात्र ती एका फ्रेममध्ये बोटभर सरकते, तिथे काही खपत नाही. कॉम्प्युटरवर क्लिप उघडून एकेक फ्रेम पुढे ढकलत गेलो. डावं टोक 41 व्या फ्रेमला, पुन्हा डावं टोक 89 व्या फ्रेमला. एक पूर्ण झोका 48 फ्रेमचा.

लावलं 41 ते 89. उचकी गेली, पण टोकावर शेपटी किंचित अडकायला लागली. दार फुगून चौकटीत घासतं तशी. का? कारण 89 म्हणजेच 41. लूप फिरला की तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसतं. शेवटची फ्रेम टाकून द्यायची असते, 88 वर थांबायचं, मग 88 नंतर 41 येते आणि साखळी सांधते. एका फ्रेमचा प्रश्न, सेकंदाचा तिसावा भाग, पण डोळा मेला बरोबर पकडतो.

मधल्या काळात मित्राने फोनवर अक्कल शिकवली, ‘अरे सरळ उलट-सुलट कर, पुढे चालव मग मागे चालव, कुठे जोड दिसतच नाही.’ केलं तेही. जोड खरंच दिसत नाही. दिसतं दुसरंच. शेपटी हलते तेव्हा आधी बूड वळतं आणि टोक मागून फरफटत येतं. उलटं चालवलं की टोक आधी निघतं आणि बूड त्याच्या मागे जातं, जणू कुणी टोकाला दोरा बांधून ओढतंय. भुताटकी नुसती! आणि अ‍ॅपमधलं ते ‘जोड मऊ करा’ बटण? ते शेवटच्या फ्रेम पहिल्या फ्रेमवर विरघळवतं. धूर, पाणी, ढग असल्या गोष्टींना चालत असेल. इथे जोडापाशी बोक्याला दोन अर्धपारदर्शक शेपट्या फुटल्या.

बरं, 41 ते 88 ठरलं, शेपटी झकास झुलायला लागली. तर आता भिंत उडी मारायला लागली! ताईने फोन हातात धरून शूट केलेलं, दीड सेकंदात हात थोडा खाली आलेला. त्यात कॅमेऱ्याने स्वतःच उजेड कमी-जास्त केलेला. झोक्याच्या शेवटी भिंत किंचित काळी, सुरुवातीला किंचित गोरी. त्यामुळे दर फेरीला अख्ख्या चित्राला एक झटका आणि एक लुकलुक. शेपटी एकटी बिचारी शहाणी.

याला माझ्याकडे एकच उपाय होता. 41 वी फ्रेम फोटो म्हणून काढली, त्यात शेपटी जिथवर झुलते तेवढ्या भागाला भोक पाडलं, भोकाच्या कडा पुसट केल्या आणि तो फोटो सगळ्या 48 फ्रेमवर डकवला. म्हणजे भिंत, कपाट, बोका सगळं गोठलेलं, हलते ती भोकातून दिसणारी शेपटी. शेपटीची सावली भोकाबाहेर जात होती तर ती कडेला कापली गेली, म्हणून भोक मोठं केलं. मोठं केलं तर भिंतीचा उजेड-फरक कडेला दिसायला लागला. चार वेळा भोक कमी-जास्त केलं. दुसऱ्या वेळेला बोक्याचा एक कान भोकात आला आणि तेवढाच कान थरथरत राहिला. मी एकटाच वेड्यासारखा हसत होतो, तेव्हा साडेअकरा झाले होते.

हे सगळं शेवटी कॉम्प्युटरवरच्या ffmpeg या व्हिडिओ-प्रोग्रामच्या एका ओळीत बसतं. ती सापडेपर्यंत माझा जीव गेला, तुमचा वाचवा:

```
ffmpeg -i boka.mp4 -i bhok.png -filter_complex "[0:v]trim=start_frame=41:end_frame=89,setpts=N/25/TB,fps=25[v];[v][1:v]overlay,scale=360:-1,split[a][b];[a]palettegen[p];[b][p]paletteuse=dither=bayer" -loop 0 boka.gif
```

यात `end_frame=89` लिहिलंय ते बघून चूक काढायला धावू नका. तो आकडा म्हणजे टाकून द्यायची पहिली फ्रेम, त्यामुळे शेवट 88 वरच होतो. मोजणी शून्यापासून असते, हे मला अर्थातच एक फ्रेम चुकल्यावर कळलं. आणि `bhok.png`, म्हणजे तो भोक पाडलेला फोटो, मूळ व्हिडिओच्याच मापाचा हवा, नाहीतर भोक भलतीकडेच जातं.

ते 25 कुठून आले? तो आणखी एक ताप. जिफमध्ये प्रत्येक फ्रेम किती वेळ दाखवायची ते सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे एकेकीला 3.33, आणि अपूर्णांक तिथे चालत नाही. मग 3, 3, 4 असं लंगडत जावं लागतं. 25 ला बरोब्बर 4 येतात. पण तीसच्या पंचवीस करायला प्रत्येक सहावी फ्रेम गाळली तर झोका ठेचकाळतो. म्हणून एकही न गाळता सगळ्या 48 जराशा सावकाश दाखवल्या. दीड सेकंदाच्या आसपासचा झोका जवळजवळ दोन सेकंदांचा झाला, आणि आळशी बोक्याला ते शोभूनही दिसलं. हा फॉरमॅट 1987 चा, त्याची सुधारलेली आवृत्ती 1989 ची. तेव्हा कुणाला माहीत होतं की लोक यात बोक्याच्या शेपट्या घालणार! आणि किती वेळा फिरायचं ही नोंद तर त्या मूळ नियमांत नव्हतीच, ती नंतर नेटस्केप या ब्राउझरने घुसडली.

वजनाचं तर विचारूच नका. मूळ सहा सेकंदांची क्लिप 12 एमबी. माझं पहिलं दोन सेकंदांचं जिफ 17 एमबी! रंग फक्त 256 आणि वजन दीडपट. कारण घरातल्या अंधुक उजेडात कॅमेरा भिंतीवर बारीक दाणे उमटवतो, ते प्रत्येक फ्रेमला वेगळे, त्यामुळे स्थिर भिंतसुद्धा दर वेळी नव्याने साठवली जाते. वर कमी रंग लपवायला ठिपके पेरले जातात, तेही नेहमीच्या पद्धतीत नाचत राहतात. `bayer` मध्ये ते जागच्या जागी बसतात. रुंदी 360 केली आणि भिंत गोठवलेली होतीच, तेव्हा कुठे एक एमबीच्या खाली आलं. त्या भोकाने जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी फुकट दिलं.

बारा वाजता ताईला पाठवलं. आणि मेसेजिंग अ‍ॅपने काय करावं? माझं जिफ गुपचूप पुन्हा व्हिडिओत बदललं. पलीकडे ते चालायला लागलं की शेवटाला पोचून मागे वळताना निमिषभर दचकायचं. उचकी परत! मी एक फ्रेम मोजून काढली होती रे, एक फ्रेम! आणि दोन-चार फेऱ्यांनंतर ते चक्क थांबायचं, वर बाण काढून दाखवायचं.

मग त्या दचक्याशीच तडजोड केली. तोच झोका लागोपाठ चार वेळा जोडून एकच फाइल केली. आता दचका दर दोन सेकंदांनी येण्याऐवजी जवळपास आठ सेकंदांनी येतो, आणि तेवढा वेळ कुणी बघत नाही. ती फाइल साडेबाराला गेली.

सकाळी ताईचा मेसेज: ‘भारी झालंय! पण अरे, याच्यात आवाज का नाही येत? तो घुरघुरत होता ना.’